एक ‘आहे’ आणि दोन क्रियापदे

स्पॅनिश भाषेत ‘असणे’ या अर्थाची क्रियापदे दोन आहेत : सेर आणि एस्तार. मराठीत ‘आजी कशी आहे?’ एवढेच कुणी विचारले, तर प्रश्न तिच्या स्वभावाचा आहे की तब्येतीचा, हे बोलण्याच्या ओघावरून ओळखावे लागते. घरात नुकत्याच आलेल्या सुनेला तिची मैत्रीण विचारते तेव्हा आजी प्रेमळ आहे की कडक, हे तिला हवे असते. दवाखान्यातून परतलेल्या मुलाला शेजारी विचारतो तेव्हा त्याला ताप उतरला का हे हवे असते. स्पॅनिश माणूस हे दोन प्रश्न मुळातच वेगळे विचारतो. ‘कोमो एस ला आबुएला?’ म्हणजे आजी स्वभावाने, रूपाने कशी आहे. ‘कोमो एस्ता ला आबुएला?’ म्हणजे तिची तब्येत कशी आहे. फरक एका क्रियापदाचा, आणि उत्तर पूर्ण वेगळे.

सेरची वर्तमानकाळातली रूपे मी, तू, तो-ती, आम्ही, तुम्ही, ते या क्रमाने अशी : सोय, एरेस, एस, सोमोस, सोइस, सोन. एस्तारची अशी : एस्तोय, एस्तास, एस्ता, एस्तामोस, एस्ताइस, एस्तान. ही पाठ व्हायला दोन दिवस पुरतात. अडचण त्यानंतर सुरू होते, कारण ‘रिकाम्या जागा भरा’ या प्रश्नात विद्यार्थी वाक्याचा आधी मनात मराठी अर्थ लावतो, आणि त्या अर्थात दोन्हीकडे ‘आहे’च येते.

पाठ्यपुस्तकांनी आणि शिकवण्यांनी यावर एक सोपा तोडगा रूढ केला आहे : कायमचे असेल तर सेर, तात्पुरते असेल तर एस्तार. पहिल्या आठवड्यात हा नियम चालतो आणि नंतर विद्यार्थ्याला खड्ड्यात घालतो. ‘तो मेला आहे’ हे स्पॅनिशमध्ये ‘एस्ता मुएर्तो’ होते. मृत्यूइतके कायमचे दुसरे काही नाही, तरी तिथे एस्तार. ‘ती तरुण आहे’ हे ‘एस खोबेन’ होते. तारुण्य काही टिकत नाही, तरी तिथे सेर. माद्रिद शेकडो वर्षे स्पेनमध्येच आहे आणि कुठे जाणारही नाही, पण वाक्य होते ‘माद्रिद एस्ता एन एस्पान्या’. उलट ‘आज सोमवार आहे’ हे ‘ओय एस लुनेस’, आणि सोमवार तर चोवीस तासांत संपतो. ज्या नियमाला इतक्या लवकर आणि इतक्या साध्या वाक्यांत अपवाद निघतात, तो नियम धरून बसण्यात अर्थ नाही.

त्यापेक्षा या दोन शब्दांचा जन्म अधिक उपयोगी पडतो, आणि इथे मराठी वाचकाच्या हाती एक चांगली किल्ली आहे. एस्तार हे लॅटिनमधल्या ‘स्तारे’पासून आले. स्तारे म्हणजे उभे राहणे. संस्कृतातला ‘स्था’ धातू आणि हा लॅटिन धातू एकाच प्राचीन मुळातून निघालेले आहेत. स्था धातूपासून मराठीला दोन रोजचे शब्द मिळाले, स्थान आणि स्थिती. एस्तारची मुख्य कामे नेमकी हीच दोन : एखादी वस्तू कुठे आहे हे सांगणे, आणि ती कोणत्या स्थितीत आहे हे सांगणे. सेरची ‘एस’, ‘सोन’ यांसारखी रूपे लॅटिनमधल्या ‘एस्से’पासून आली, आणि त्याचा संस्कृत भाऊबंद म्हणजे ‘अस्’, ‘अस्ति’. वस्तूचे असणेपण, ती मुळात काय आहे हे सांगणे, हे सेरचे काम. मेलेला माणूस एका स्थितीला पोचलेला असतो, म्हणून एस्तार. ती स्थिती किती काळ टिकेल हा प्रश्नच इथे येत नाही.

प्रश्नपत्रिकेतल्या वाक्याकडे या नजरेने पाहायचे, तर सर्वांत आधी रिकाम्या जागेच्या पुढे काय आले आहे ते तपासावे. पुढे नाम असेल आणि ते कर्त्याची ओळख सांगत असेल, तर फार विचार करायचे कारण नाही, उत्तर सेर. ‘सोय मेदिको’ म्हणजे मी डॉक्टर आहे. ‘मार्ता एस मि एर्माना’ म्हणजे मार्ता माझी बहीण आहे. नोकरी उद्या सुटणार असली तरी ‘मी वेटर आहे’ याला सेरच लागते. मूळ गाव, एखादी वस्तू कशाची बनली आहे, ती कोणाची आहे, हेही ओळखीतच मोडते, आणि त्यासाठी सेरनंतर ‘दे’ येतो : ‘ला मेसा एस दे मादेरा’, म्हणजे टेबल लाकडाचे आहे. घड्याळातली वेळ आणि वारही सेरनेच सांगतात. ‘दे’ दिसला की सेर, असे मात्र डोळे झाकून धरू नये. ‘एस्तोय दे कामारेरो’ असेही वाक्य असते, आणि त्याचा अर्थ, सध्या मी वेटरचे काम करतो आहे, असा होतो. माणूस एरवी विद्यार्थी असेल, सुट्टीत ट्रे उचलत असेल. त्याची ओळख वेटर ही नाही, सध्याची स्थिती तेवढी आहे.

रिकाम्या जागेच्या पुढे क्रियापदाचे ‘-आन्दो’ किंवा ‘-एन्दो’ने संपणारे रूप असेल, तर तेही सोपे आहे. ‘एस्ता कोमिएन्दो’ म्हणजे तो जेवतो आहे. चालू क्रियेला नेहमी एस्तार.

खरा कस लागतो तो पुढे विशेषण आले की, कारण तिथे बहुतेक वेळा दोन्ही क्रियापदे बसू शकतात आणि अर्थ बदलतो. ‘एस आबुर्रिदो’ म्हणजे तो कंटाळवाणा माणूस आहे. ‘एस्ता आबुर्रिदो’ म्हणजे तो कंटाळला आहे. स्वतःविषयी ‘मी कंटाळलो आहे’ म्हणायला जाऊन ‘सोय आबुर्रिदो’ म्हणणारा विद्यार्थी, मी लोकांना कंटाळा आणतो, अशी कबुली देऊन बसतो. ‘एस लिस्तो’ म्हणजे तो हुशार आहे, ‘एस्ता लिस्तो’ म्हणजे तो तयार आहे. ‘एस रिको’ श्रीमंत माणसाबद्दल, ‘एस्ता रिको’ चविष्ट पदार्थाबद्दल. आंब्याबद्दल ‘एस्ता बेर्दे’ म्हटले तर तो अजून कच्चा आहे, मग साल थोडी लाल झालेली का असेना. ‘एस बेर्दे’ म्हटले तर तो हिरव्या रंगाचा आहे, आत पिकलेलाही असू शकतो.

या जोड्यांकडे नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. मराठीत ‘आहे’ एकच असले, तरी फरक मराठीलाही माहीत आहे. मराठी तो क्रियापदाऐवजी दुसऱ्या शब्दात दाखवते. कंटाळवाणा आणि कंटाळलेला, हिरवा आणि कच्चा, हुशार आणि तयार. ‘-लेला’ हा प्रत्यय जिथे सहज लागतो, दमलेला, बसलेला, तुटलेला, बंद केलेला, तिथे स्पॅनिशमध्ये जवळजवळ नेहमी एस्तार येते : ‘एस्ता कान्सादो’, ‘एस्ता सेन्तादो’, ‘एस्ता रोतो’, ‘एस्ता सेर्रादो’. मेलेलाही याच ओळीत बसतो, आणि ‘एस्ता मुएर्तो’ हा अपवाद न राहता नियमाचेच उदाहरण होतो.

दुसरी खूण त्याहून बारीक आहे आणि जेवणाच्या ताटावर सहज कळते. आमटीचा पहिला घास घेऊन मराठी माणूस ‘आमटी छान आहे’ म्हणेल, पण त्याहून सहज ‘आमटी छान झालीय’ म्हणेल. या ‘झालीय’मध्ये एस्तार दडलेले आहे. स्पॅनिश घरातही चव घेतल्यावर ‘ला सोपा एस्ता मुय बुएना’ असेच म्हणतात. पाहुणा ‘एस मुय बुएना’ म्हणाला तर ते आज समोर आलेल्या वाडग्याचे कौतुक राहत नाही. सूप हा पदार्थ चांगला, असे सर्वसाधारण मत होते. बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या मित्राला ‘बारीक झालास’ म्हणतात, तिथे स्पॅनिशमध्ये ‘एस्तास देल्गादो’; तो अंगानेच बारीक असेल तर ‘एरेस देल्गादो’. म्हणून विशेषणाच्या आधीची जागा भरताना ‘आहे’च्या जागी ‘झाला आहे’ घालून पाहावे. अर्थ तोच राहिला तर एस्तार, बिघडला तर सेर. ही चाचणी फक्त विशेषणापुरती आहे. ‘तो डॉक्टर झाला आहे’ हे मराठीत बरोबर असले तरी डॉक्टर हे नाम आहे, आणि नामाला सेर हा आधीचा नियम वरचढ ठरतो.

वाक्यातल्या काळदर्शक शब्दांवर भरवसा ठेवणारे हमखास फसतात. ‘सिएम्प्रे’, म्हणजे नेहमी, हा शब्द दिसला की कायमपणा आला आणि सेर आले, असे वाटते. पण ‘सिएम्प्रे एस्ता कान्सादो’, तो नेहमी दमलेलाच असतो, हेच बरोबर आहे. रोज दमला तरी दमणे ही स्थितीच. तसेच ‘आओरा’, म्हणजे आता, आला म्हणून एस्तार येतेच असे नाही. ‘आन्तेस एरा रिको, आओरा एस पोब्रे’, आधी तो श्रीमंत होता, आता गरीब आहे, यात दोन्हीकडे सेरच आहे. माणसाची गणना एका वर्गातून दुसऱ्या वर्गात झाली, एवढेच.

स्थानाचा नियम त्या मानाने सरळ आहे. माणूस, वस्तू, इमारत, गाव, डोंगर कुठे आहे हे सांगायला एस्तार. ती हलणारी असो वा नसो. जुन्या स्पॅनिशमध्ये स्थानासाठी सेरही वापरत असत. पुढे ते काम एस्तारकडे गेले. शेजारच्या पोर्तुगीज भाषेने मात्र जागची न हलणारी ठिकाणे सांगताना सेर ठेवले आहे. हॉटेल कुठे आहे, हे पोर्तुगीजमध्ये ‘ओंद ए’ असे, म्हणजे सेरने, विचारता येते. गोव्यात घरी थोडीफार पोर्तुगीज ऐकलेला विद्यार्थी स्पॅनिश शिकायला बसला की ही सवय बरोबर आणतो आणि इमारतींना सेर लावतो. स्पॅनिशमध्ये ती चूक धरली जाते.

स्थानाच्या प्रश्नात आणखी एक तिसरा शब्द मधे येतो. ‘पुलापाशी एक देऊळ आहे’ आणि ‘देऊळ पुलापाशी आहे’ ही दोन वाक्ये मराठी कानाला वेगळी वाटतात. पहिल्यात देवळाची बातमी नवी आहे, दुसऱ्यात देऊळ ठाऊक आहे आणि त्याची जागा सांगायची आहे. स्पॅनिशमध्ये पहिल्याला ‘आइ’ हे रूप लागते : ‘खुन्तो आल पुएन्ते आइ उना इग्लेसिया’, पुलाशेजारी एक चर्च आहे. दुसऱ्याला एस्तार : ‘ला इग्लेसिया एस्ता खुन्तो आल पुएन्ते’. नामापूर्वी ‘उन’ किंवा ‘उना’, म्हणजे एक, असेल तर आइ. ‘एल’ किंवा ‘ला’ असेल तर एस्तार.

आता राहिला तो भाग, ज्यात पुढे गेलेले विद्यार्थीही गुण घालवतात : समारंभ आणि कार्यक्रम. एखादी घटना कुठे आहे हे सांगताना स्पॅनिश एस्तार सोडून देते आणि सेर वापरते. ‘ला बोदा एस एन तोलेदो’, लग्न तोलेदोला आहे. ‘ला रेउनिओन एस एन एल सेगुन्दो पिसो’, बैठक दुसऱ्या मजल्यावर आहे. स्थान म्हणजे एस्तार हे पाठ केलेल्या मुलाला हे अन्यायाचे वाटते, पण त्यामागे सरळ विचार आहे. लग्न कुठे उभे नसते. ते कुठे ठेवलेले किंवा वसलेले नसते, ते होते. स्थानासाठी एस्तार लागते ते ज्याला स्थान असते त्याला. लग्नाला मुहूर्त असतो आणि कार्यालय असते, पण ते कार्यालयात पडून राहत नाही.

इथेही मराठी मदतीला येते. ‘लग्न कुठे आहे?’ याऐवजी ‘लग्न कुठे होणार आहे?’ असे सहज म्हणता येते. ‘टेबल कुठे होणार आहे?’ असे कोणी म्हणत नाही. ‘आहे’च्या जागी ‘होणार आहे’ किंवा ‘झाले’ बसले तर सेर. ‘ठेवले आहे’, ‘वसले आहे’, ‘उभे आहे’ बसले तर एस्तार. आमटीच्या ‘झालीय’ची आणि लग्नाच्या ‘झाले’ची गल्लत होऊ नये म्हणून एवढेच पाहावे, की पुढे विशेषण आहे की ठिकाण.

या चाचणीचा उपयोग सर्वांत जास्त होतो तो दुहेरी अर्थाच्या नामांना. ‘एल एक्सामेन’ म्हणजे परीक्षाही आणि परीक्षेचा कागदही. ‘एल एक्सामेन एस एन एल आउला त्रेस’ म्हणजे परीक्षा तीन नंबरच्या वर्गात होणार आहे. ‘एल एक्सामेन एस्ता एन ला मेसा’ म्हणजे पेपर टेबलावर ठेवलेला आहे. ‘ला क्लासे’ हा तास असेल तर सेर, आणि खोली असेल तर एस्तार. एकाच दारावरच्या पाटीबद्दल दोन्ही वाक्ये खरी ठरू शकतात. आणि कार्यक्रम कुठे झाला याच्यापुढे तो कसा झाला हे आले, तर त्याच वाक्यात दुसरे क्रियापद येते : ‘ला फिएस्ता फुए एन मि कासा इ एस्तुबो मुय बिएन’. ‘फुए’ हे सेरचे भूतकाळी रूप, ‘एस्तुबो’ एस्तारचे. पार्टी माझ्या घरी झाली आणि छान झाली. मराठीत दोन्हीकडे ‘झाली’, स्पॅनिशमध्ये दोन वेगळी क्रियापदे. हे एक वाक्य ज्याला उमगले, त्याला या विषयातला मोठा भाग उमगला.

एक लहान उतारा प्रत्यक्ष सोडवून पाहता येईल. ‘मार्ता ___ दे सेबिया. ___ एन्फेर्मेरा. आओरा ___ एन माद्रिद. एल साबादो ला फिएस्ता ___ एन कासा दे सु एर्माना. ला कासा ___ खुन्तो आल रिओ. सु एर्माना ___ मुय आलेग्रे, पेरो ओय ___ सेरिया. ला सोपा ___ फ्रिया.’

मार्ता सेव्हिलची, म्हणजे मूळ गाव. पहिली जागा ‘एस’. ती नर्स आहे, नाम आले, पुन्हा ‘एस’. आता ती माद्रिदमध्ये आहे. माणूस आणि ठिकाण, म्हणून ‘एस्ता’. ‘आओरा’ खोडून टाकला तरी उत्तर तेच. शनिवारी बहिणीच्या घरी पार्टी आहे, म्हणजे होणार आहे. चौथी जागा ‘एस’. घर नदीशेजारी उभे आहे, पाचवी ‘एस्ता’. चौथ्या आणि पाचव्या जागेत तेच घर आलेले आहे, आणि घाईत सोडवणारा इथेच दोन्हीकडे ‘एस्ता’ लिहून मोकळा होतो. ठिकाण कोणते याला महत्त्व नाही, तिथे काय आहे याला आहे. पुढे बहीण आनंदी स्वभावाची आहे, ‘एस’; पण आज गंभीर दिसते आहे, ‘एस्ता’. शेवटी सूप गार आहे, म्हणजे गार झाले आहे, ‘एस्ता’. तिथे बर्फ असता तर ‘एल इएलो एस फ्रिओ’ झाले असते, कारण बर्फ गार होत नाही, तो गारच असतो.

उत्तरपत्रिका तपासताना आणखी एक चूक वारंवार सापडते. ‘एस्ता’ लिहिताना शेवटच्या अक्षरावर आघाताचे तिरके चिन्ह द्यावे लागते. ते राहिले तर शब्द क्रियापद उरत नाही. त्याचा अर्थ ‘ही’ असा होतो. क्रियापद बरोबर निवडूनही वाक्य चुकते.

काही जागा मात्र अशा असतात की त्यांना एकच उत्तर नसते. ‘खुआन ___ गुआपो’, खुआन देखणा आहे. सेर घातले तर तो मुळात देखणा. एस्तार घातले तर आज नवा सदरा घालून छान दिसतो आहे. ‘कासादो’, म्हणजे विवाहित, यालाही स्पेनमध्ये दोन्ही क्रियापदे चालतात. मेक्सिकोत ‘मी लहान होतो तेव्हा’ म्हणताना लोक सर्रास एस्तार वापरतात, जिथे स्पेनमधले पुस्तक सेर सांगते. अशी जागा मागेपुढे एकही वाक्य न देता विचारली, तर दोष प्रश्न काढणाऱ्याचा. शिक्षकांनी अशा वाक्याच्या अलीकडे एक ओळ तरी द्यावी, आणि विद्यार्थ्याने दोन्ही उत्तरे अर्थासह लिहिली तर त्याला पूर्ण गुण द्यावेत.